दूरदेशी भरणाऱ्या सणाच्या मेळाव्यातील भाषण वर्तमानकाळात कसे लिहावे

प्रश्न: आमच्या स्थलांतरितांच्या मंडळाचा वार्षिक सण-मेळावा पुढच्या महिन्यात आहे आणि यंदा अध्यक्षीय भाषण माझ्याकडे आले आहे. दरवर्षी कुणीही बोलायला उभे राहिले की भाषण घराच्या आठवणींत शिरते, निम्मे सभागृह डोळे पुसते आणि मुले कंटाळतात. मला सणाचा आनंद आणि इथले आपलेपण यांवर बोलायचे आहे. घराची ओढ नाकारायची नाही, पण तिने सगळे भाषण व्यापू नये. कसे लिहू?

उत्तर: भाषणाचा मुख्य काळ वर्तमान ठेवा. या सभागृहात या माणसांनी आज जे घडवले आहे तोच सण, असे धरून बोला. ओढीला भाषणाच्या मध्याच्या थोडे पुढे एकच परिच्छेद द्या आणि त्याच्या आधी काय व नंतर काय हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवून टाका. अ‍ॅरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार मानले होते. न्यायसभेतले भाषण झालेल्या गोष्टींविषयी असते, धोरण ठरवणाऱ्या सभेतले भाषण होणाऱ्या गोष्टींविषयी असते आणि समारंभातले गौरवपर भाषण मुख्यतः समोर असलेल्या गोष्टींविषयी असते. समारंभाचा वक्ता मागचे स्मरण करून देतो आणि पुढचा अंदाजही बांधतो, हे त्याने मान्य केले होते. परंतु भाषणाचे घर वर्तमानात असते. स्थलांतरितांच्या मेळाव्यातली बहुतेक भाषणे बिघडतात ती नेमकी इथे: प्रसंग गौरवाचा असतो आणि भाषण मात्र हरवलेल्या मालमत्तेची यादी वाचल्यासारखे होते.

मराठीत ही घसरण फार सोपी आहे, कारण आपल्याकडे आठवणींसाठी क्रियापदाचे एक तयार रूप आहे. ‘आम्ही जायचो’, ‘सगळे जमायचे’, ‘आई उठवायची’ अशी रीतिभूतकाळाची वाक्ये एकदा सुरू झाली की एकातून दुसरे आपोआप निघते, कारण या रूपाला शेवट नसतो. त्यात एखादी घटना घडून संपत नाही, नुसती सवय चालू राहते. म्हणून माझी पहिली सूचना अगदी यांत्रिक आहे. मसुदा लिहून झाला की पेन्सिल घ्या आणि ‘-यचो, -यचे, -यची’ अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. सात मिनिटांच्या भाषणात अशी रूपे दोन-तीन असतील तर चिंता नाही. एकाच परिच्छेदात ओळीने पाच-सहा आली, तर त्या जागी भाषण तुमच्या हातातून निसटले आहे, मग ती वाक्ये स्वतंत्रपणे कितीही सुंदर असोत.

दुसरी गोष्ट श्रोत्यांची. ‘आपल्या सगळ्यांना आज घर आठवत असेल’ हे वाक्य वक्त्याला सर्वसमावेशक वाटते, पण ते सभागृहातल्या बऱ्याच लोकांना बाहेर ठेवते. इथे जन्मलेल्या मुलीचे घर या सभागृहापासून दोन चौक पलीकडे आहे. तिला ते आठवत बसण्याचे कारण नाही. तीस वर्षे इथे राहिलेल्या गृहस्थांना जे गाव आठवते ते आता त्या गावातही उरलेले नसते. कुणी परत जाऊच शकत नाही, कागदपत्रांमुळे किंवा तिथल्या परिस्थितीमुळे. त्याच्या समोर ‘कधीतरी आपण सगळे परत जाऊ’ म्हणणे निष्काळजीपणाचे आहे. कुणी तिथून सुटका करून घेऊन आले आहे आणि त्या ठिकाणाची आठवण त्याला सुखाची नाही. कुणाचा जोडीदार या देशातलाच आहे. पुढच्या रांगेत बहुधा स्थानिक पाहुणे बसलेले असतात आणि ‘परक्या भूमीत’ हे शब्द कुणी त्यांना भाषांतर करून सांगितले, तर यजमानाच्या घरी बसून ते घर परके असल्याचे सांगितल्यासारखे होते. या सर्वांना समान असलेली गोष्ट एकच आहे: आज ते सगळे इथे आले आहेत. भाषणाला आधार हवा असेल तर तो तिथेच मिळतो.

लांबीबाबत थोडक्यात सांगतो. मोठ्या सभागृहात, माइकवरून, थांबे घेत बोलताना मराठीचे मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. घरी मोठ्याने वाचताना वेग जास्त असतो आणि तिथेच अंदाज चुकतो. सात मिनिटे मिळाली असतील तर सातशे शब्द लिहा, त्यापेक्षा जास्त नको. त्यांतले ओढीच्या परिच्छेदाला शंभर द्या. हे प्रमाण मी कुठल्या नियमातून घेतलेले नाही. पण त्या परिच्छेदाला दीड मिनिटाहून अधिक वेळ दिला की सभागृहाचा सूर परत उचलायला पुढचे भाषण पुरत नाही, हे वारंवार दिसले आहे.

आता सामग्री. इथे बहुतेक वक्ते स्वतःच्या आठवणींकडे वळतात, कारण त्या हाताशी असतात. त्याऐवजी मेळाव्याच्या दोनेक आठवडे आधी सात-आठ जणांशी बोला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘यंदा या कार्यक्रमासाठी तुम्ही नेमके काय केले?’ ‘तुम्हाला कशाची आठवण येते?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर सगळे जवळपास सारखेच देतात आणि त्यातून भाषणाला काही मिळत नाही. पहिल्या प्रश्नाची उत्तरे मात्र विलक्षण वेगवेगळी आणि बारीक असतात: सभागृहाची किल्ली कुणाकडे होती, ध्वनियंत्रणा कुणाच्या गाडीत बसली नाही, मुलांचा सराव कुणाच्या बैठकीत झाला, रात्रपाळी संपवून थेट कोण आले. हीच तुमची गौरवाची सामग्री. निवडताना सगळ्या वयांचे आणि नव्या-जुन्या दोन्ही गटांतले लोक घ्या, नाहीतर भाषण कार्यकारिणीचे आभारप्रदर्शन होऊन बसते.

याच टप्प्यावर एक सावधगिरी पाळा, जी भाषणकलेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. मंचावरून कुणाचे नाव घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्या आणि नेमके कोणते वाक्य म्हणणार ते तिला वाचून दाखवा. कार्यक्रमाचे चित्रीकरण होते आणि ते पुढे कुठे फिरेल हे तुमच्या हातात राहत नाही. ‘नोकरी गेल्यावरही हे रोज सरावाला येत होते’ हे वाक्य तुमच्या दृष्टीने कौतुकाचे असले, तरी ज्याच्या राहण्याच्या परवान्याचा संबंध नोकरीशी आहे त्याला ते संकटात टाकू शकते. आश्रय मागितलेल्या माणसाचे नाव आणि चेहरा एकत्र चित्रीकरणात जाणे तर त्याहून गंभीर. शंका असेल तेव्हा नाव सोडून द्या आणि काम सांगा. ज्याचे काम आहे त्याला ते कळतेच, आणि शेजारी बसलेल्यालाही.

पुढे एक मसुदा घेऊन दाखवतो. मंडळ मध्यम आकाराचे, सभागृहात सुमारे दोनशे माणसे, भाषण स्वागतानंतर आणि मुलांच्या कार्यक्रमाआधी. सण पंचांगाप्रमाणे मंगळवारी होऊन गेला आहे आणि मेळावा शनिवारी आहे. अध्यक्षांच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती:

‘आज आपण मायभूमीपासून हजारो मैल दूर आहोत. तिथे या दिवसांत घराघरांत केवढा उत्साह असेल! इथे ते वातावरण नाही, तरीही आपण आपल्या परीने हा छोटासा प्रयत्न केला आहे.’

तीन वाक्यांत तीन नुकसाने आहेत. पहिल्या वाक्याने अंतर मोजले, दुसऱ्याने मन सभागृहाबाहेर नेले, आणि तिसऱ्याने माफी मागितली. माझ्या मते सगळ्यात घातक तिसरे वाक्य आहे. ‘छोटासा प्रयत्न’, ‘जमेल तसे’, ‘तिथल्यासारखे नाही, पण’ हे शब्द विनयाचे वाटतात; परंतु त्यांचा अर्थ असा होतो की खरा सण दुसरीकडे चालला आहे आणि इथे त्याची नक्कल आहे. एकदा हे मान्य केले की पुढची प्रत्येक चांगली गोष्टही उणीव भरून काढणारी ठरते. शिवाय पडद्याआड नटून उभी असलेली मुले हे ऐकत असतात. दुरुस्त केलेली सुरुवात अशी:

‘सण मंगळवारी होता. आज शनिवार आहे, आणि आपण तो आज साजरा करतो आहोत, कारण मंगळवारी आपल्यातले निम्मे जण कामावर होते आणि मुले शाळेत होती. सणासाठी दिवस निवडणे हे आता आपल्या मंडळाचे दरवर्षीचे काम झाले आहे. यंदा त्यासाठी फक्त दोन बैठका लागल्या, ही प्रगती आहे.’

इथे तोच बदल निर्णय म्हणून सांगितला आहे. सण पुढे ढकलावा लागला, ही उणीव होती. तो सगळ्यांना येता यावे म्हणून हलवला, ही या समूहाने ठरवलेली रीत आहे. दूरदेशी साजऱ्या होणाऱ्या कुठल्याही सणात असे बदल असतातच: दिवस बदलतो, वेळ आखडते, उघड्यावरचे काही आत येते, एका घरातले काही सार्वजनिक होते. प्रत्येक बदलामागे काहीतरी कारण असते आणि ते कारण बहुधा कुणाची तरी सोय पाहणारे असते. त्यांतला एक बदल कारणासह सांगितला की आपलेपणावर वेगळे बोलावे लागत नाही. शेवटच्या वाक्यातला हलका विनोदही मुद्दाम आहे. पहिल्या मिनिटात सभागृह एकदा हसले, तर पुढचा गंभीर भाग ऐकायला ते सैल झालेले असते. मात्र विनोद समूहाच्या स्वतःच्या सवयीवर असावा, एखाद्या व्यक्तीवर किंवा यजमान देशाच्या लोकांवर नको.

त्यानंतर मूळ मसुद्यात संस्थापकांविषयी मोठा परिच्छेद होता: पहिली बैठक कुणाच्या घरी झाली, तेव्हा किती अडचणी होत्या, वगैरे. संस्थापकांचा उल्लेख हवाच, पण तो दोन वाक्यांत संपवा. या बाबतीत प्राचीन ग्रीक नेता पेरिक्लिस याचे अथेन्समधले भाषण, जे इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवून ठेवले आहे, आजही उपयोगी आहे. युद्धात पडलेल्यांच्या सामूहिक अंत्यसंस्काराचा तो प्रसंग होता आणि रूढी पूर्वजांपासून सुरुवात करण्याची होती. त्याने पूर्वजांना मान दिला, त्यांच्या लढाया श्रोत्यांना ठाऊकच आहेत असे म्हणून त्या बाजूला ठेवल्या आणि आपले शहर आज कसे जगते याकडे तो वळला. शोकाच्या प्रसंगी जे चालले ते सणाच्या प्रसंगी नक्कीच चालेल. आपल्या मसुद्यात तो परिच्छेद काढून त्या जागी हे आले:

‘दुपारी एक वाजता या सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या मांडणाऱ्यांत तीन आठवड्यांपूर्वी या शहरात आलेले एक कुटुंब होते. त्यांना इथले बसचे मार्ग अजून नीट माहीत नाहीत; पण कोणती खुर्ची डुगडुगते हे मात्र त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगले माहीत आहे. त्यांच्या शेजारी खुर्च्या उचलत होते ते गृहस्थ या मंडळाच्या पहिल्या मेळाव्यालाही खुर्च्याच उचलत होते.’

चार वाक्यांत नवे कुटुंब, जुने सभासद आणि संस्थेचा इतिहास तिन्ही आले, आणि इतिहास आजच्या दुपारी काम करणाऱ्या माणसाच्या रूपाने आला. असा तपशील कल्पनेने लिहू नका. श्रोत्यांतले वीस जण त्या वेळी तिथे होते आणि खोटा तपशील त्यांना लगेच कळतो.

आता ओढीचा परिच्छेद, ज्यावर तुमच्या प्रश्नाचा खरा भार आहे. तो गाळून टाकणे ही उलट बाजूची चूक आहे. ‘आम्ही इथे अगदी सुखात आहोत, कशाचीच उणीव नाही’ असे मंचावरून ऐकले की गेल्या महिन्यात आलेल्या माणसाला वाटते की आपल्यातच काही कमी आहे. तो पुढच्या वर्षी येत नाही. ओढ खरी आहे आणि तिची दखल घेतली पाहिजे. प्रश्न फक्त तिला कोणत्या दाराने आत घ्यायचे हा आहे.

योहानेस होफर या वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घराची ओढ हा एक आजार म्हणून वर्णिला होता. पुढे परदेशी सैन्यांत चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांबद्दल अशी गोष्ट प्रसिद्ध झाली की त्यांच्या डोंगरातली गुराख्यांची धून त्यांच्यासमोर वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकून ते रडत आणि पळून जात. तत्त्वज्ञ रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात ही गोष्ट सांगून एक मार्मिक निरीक्षण जोडले: परक्या माणसावर त्या धुनेचा काहीच परिणाम होत नाही, म्हणजे परिणाम संगीताचा नाही, त्या संगीताला चिकटलेल्या आठवणींचा आहे. भाषण लिहिणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वास, आवाज, चव, अंगण, ऋतू यांची यादी ही अशीच धून आहे. ती प्रत्येकाच्या मनात त्याची-त्याची आठवण उघडते आणि त्या क्षणी दोनशे माणसे दोनशे वेगवेगळ्या ठिकाणी निघून जातात. सभागृहात वक्ता एकटा उरतो. आणि दुसरी गोष्ट, या परिच्छेदाच्या मागे संथ वाद्यसंगीत वाजवण्याची हल्ली जी पद्धत आहे ती ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला स्पष्ट सांगून बंद ठेवा.

मूळ मसुद्यात ही यादी अकरा ओळींची होती. तिच्या जागी हे लिहिले:

‘या आठवड्यात आपल्यापैकी बहुतेकांनी तिकडे फोन केला असेल. काहींचे बोलणे लांबले असेल. काहींनी आवाज बदलला म्हणून घाईने फोन ठेवला असेल. आणि काही जणांना आता फोन करायला तिकडे कुणी उरलेले नाही. असे तिन्ही प्रकारचे लोक या सभागृहात शेजारीशेजारी बसले आहेत आणि इथे कुणालाही ते समजावून सांगावे लागत नाही. कामाच्या ठिकाणी सांगावे लागते. इथे नाही.’

हा परिच्छेद कसा चालतो ते पाहा. क्रियापदे या आठवड्याची आहेत, बालपणाची नाहीत. प्रसंग फोनचा आहे, जो इथूनच, या शहरातूनच केला जातो, त्यामुळे ओढ सांगतानाही माणूस इथेच राहतो. ‘आपल्या सगळ्यांना’ असे म्हटलेले नाही. ज्यांना तिकडे कुणी नाही त्यांनाही एक वाक्य मिळाले आहे, आणि ज्यांनी फोन केलाच नाही त्यांच्यासाठी ‘बहुतेकांनी’ आणि ‘असेल’ या शब्दांनी जागा सोडली आहे. आणि शेवटची वाक्ये वळण घेतात: जी गोष्ट दूर ओढत होती तीच या सभागृहात एकत्र असण्याचा पुरावा ठरते. हे वळण उसने उत्साही नसावे. ‘पण चला, दुःख विसरून आनंद करू या’ असे म्हटले की आधीचे सगळे वाया जाते, कारण श्रोत्याला गप्प बसवल्यासारखे वाटते. वळणानंतर दोन सेकंद थांबा, आणि पुढचे वाक्य एखाद्या ठोस, चालू असलेल्या कामाविषयी असू द्या.

या परिच्छेदाची जागाही महत्त्वाची आहे. तो सुरुवातीला आला तर पुढचे सारे त्याचा उतारा म्हणून ऐकले जाते. शेवटी आला तर टाळ्या ओल्या होतात आणि त्यानंतर मुलांना नाचायला मंचावर यावे लागते, जे मुलांवर अन्याय करणारे आहे. सात मिनिटांत तो चौथ्या मिनिटाच्या आसपास यावा. मागे दोन-अडीच मिनिटांची हलकी, उठती वाट राहिली पाहिजे.

मुलांना उद्देशून काही बोलायचे असेल तर उपदेश टाळा. ‘आपली मुळे विसरू नका’ ही ओढच आहे, फक्त पुढच्या पिढीच्या खांद्यावर ठेवलेली. ज्या गोष्टी मुलांनी पाहिल्याच नाहीत त्या विसरू नका असे सांगितले की त्यांच्या वाट्याला अपराधीपणा येतो आणि सण परीक्षेसारखा होतो. आपल्या मसुद्यात असे लिहिले:

‘इथे जन्मलेल्या मुलांनो, तुम्ही हा सण दरवर्षी याच सभागृहात पाहिला आहे. त्यामुळे इथल्या सणाचे खरे जाणकार तुम्ही आहात. गेल्या वर्षी पडदा कुठे अडकला होता, हे मला आठवत नाही. तुम्हाला नक्की आठवते.’

या ठिकाणी मुले जवळजवळ नेहमी ओरडून उत्तर देतात, आणि ते तुम्हाला हवेच आहे. मुलांची मराठी कच्ची असेल तर ही तीन-चार वाक्ये सोप्या शब्दांत आणि हळू म्हणा. हवे तर त्यांतले एक वाक्य स्थानिक भाषेत पुन्हा म्हणा. संपूर्ण भाषणाचे वाक्यागणिक भाषांतर मात्र करू नका, त्याने लांबी दुप्पट होते आणि दोन्ही भाषांतला ताल मोडतो. स्थानिक पाहुण्यांसाठी त्यांच्या भाषेत दोन वाक्ये पुरतात, आणि ती ‘आम्हाला सामावून घेतल्याबद्दल ऋणी आहोत’ अशा सरसकट कृतज्ञतेची नसावीत. शाळेच्या व्यवस्थापकाने सभागृह तासभर लवकर उघडले असेल तर त्याबद्दल आभार माना. नेमक्या गोष्टीचे आभार बरोबरीच्या नात्यातले असतात. सरसकट आभारांत वक्ता दहा वर्षांनंतरही पाहुणाच राहतो.

शेवट हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सवयीने लोक ‘पुढच्या वर्षी हा सण आपापल्या घरी साजरा करण्याचे भाग्य लाभो’ असे म्हणून बसतात आणि सहा मिनिटांचे काम एका वाक्यात पुसून टाकतात. शेवटच्या वाक्याने श्रोत्यांना काहीतरी करायला लावावे, तेही लगेच. आपल्या मसुद्याचा शेवट असा झाला:

‘पुढचा कार्यक्रम मुलांचा आहे. त्यांनी सहा शनिवार सराव केला आहे. पहिल्या दोन रांगांतल्या मोठ्यांनी आता उठून मागे यावे आणि त्या जागा लहानांना द्याव्यात. मीही मागेच येतो आहे.’

खुर्च्यांचा आवाज, हसणे, मुलांची धावपळ यांत भाषण संपते आणि टाळ्यांची वाट पाहत उभे राहावे लागत नाही. निवेदकाला मात्र हा शेवट आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने ‘किती भावपूर्ण मनोगत होते’ असे म्हणत सगळ्यांना पुन्हा बसवतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. सणाच्या तोंडावर तिकडे एखादी मोठी दुर्घटना घडली असेल किंवा मंडळातले कुणी नुकतेच गेले असेल, तर हे दुःख शंभर शब्दांच्या परिच्छेदात बसणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. त्यासाठी कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला, भाषणापासून वेगळे, दुसऱ्या व्यक्तीने दोन वाक्ये बोलून स्तब्धतेचा क्षण ठेवावा; मग स्वागत, एखादा सामूहिक कार्यक्रम, आणि त्यानंतर तुमचे भाषण. मधले अंतर पंधरा-वीस मिनिटांचे असले की श्रोते दोन्ही गोष्टी स्वीकारतात. तेव्हा आपल्या भाषणातला फोनचा परिच्छेद निम्मा करा, कारण त्याचे काम आधीच झालेले असते.

सादरीकरणाबाबत एवढेच. ओढीचा परिच्छेद म्हणताना तुमचा स्वतःचा आवाज भरून येण्याची शक्यता असते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण सभागृह वक्त्याच्या मागोमाग जाते. म्हणून तो परिच्छेद घरी मोठ्याने किमान दहा वेळा म्हणा. जे वाक्य दहाव्या वेळीही घशात अडकते ते दुसऱ्या वाक्यात बदला किंवा सरळ काढा. म्हणताना पुढच्या रांगेतल्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे पाहू नका, शेवटच्या रांगेच्या थोडे वर पाहा. कागद मोठ्या अक्षरांत छापा, प्रत्येक परिच्छेद वेगळ्या पानावर घ्या आणि ओढीच्या परिच्छेदानंतरच्या पानाचे पहिले वाक्य तोंडपाठ ठेवा, म्हणजे डोळे धूसर झाले तरी पुढे सरकता येते.

रंगीत तालमीला समोर दोन माणसे बसवा: एक इथे वाढलेले पंधरा-सोळा वर्षांचे मूल आणि एक अलीकडे आलेली व्यक्ती. संपल्यावर ‘कसे वाटले’ असे विचारू नका. मुलाला विचारा की आपल्याविषयी काही बोलले गेले का, आणि नव्या माणसाला विचारा की यातली कोणती माणसे त्याला उद्या ओळखून बोलावीशी वाटली. मुलाचे उत्तर ‘नाही’ असेल तर सुरुवातीचे आणि मुलांचे परिच्छेद पुन्हा लिहावे लागतील. नव्या माणसाला एकही व्यक्ती आठवली नाही, तर भाषणात अजून माणसांपेक्षा भावनाच जास्त आहेत. त्या सात-आठ जणांना पुन्हा फोन करून आणखी दोन बारीक तपशील मिळवा आणि शंभर शब्द कमी करून ते आत घ्या.